पहिला पासपोर्ट: आधारवर साखर पेठ, घर मात्र कुंभारीत. फॉर्ममध्ये कुठला पत्ता टाकू?

साखरपेठेची_लेक
नमस्कार मंडळी. वय 22, पहिल्यांदाच पासपोर्ट काढायचाय. ऑगस्टमध्ये पुण्यात नोकरीवर रुजू व्हायचंय आणि कंपनीने मागितलेल्या कागदांत पासपोर्ट आहे.

अडचण पत्त्याची आहे. आम्ही आधी साखर पेठेत भाड्याने राहायचो. दिवाळीनंतर कुंभारीच्या गोदूताई वसाहतीत स्वतःच्या घरात आलो. पप्पांनी त्यांचं आधार नव्या पत्त्यावर करून घेतलंय, लाइट बिलही त्यांच्या नावावर येतं. माझ्या आधारवर अजून साखर पेठ आहे. माझ्या नावाचं नव्या पत्त्यावर काहीच नाही.

दादा म्हणतो, "साखर पेठच टाक, आधारशी जुळेल. जुन्या घरमालकांना सांगून ठेवू, पोलीस आले तर हो म्हणा म्हणून." कॉलेजजवळचा नेट कॅफेवाला म्हणतो, कागद द्या, सगळं मी बघतो. मला दोन्ही पटत नाहीये. काय करू?

जुळे_सोलापूर_एक्स्प्रेस
अगं टेन्शन कशाला? आधार दिलं की आता पोलीस येतच नाहीत. माझ्या मित्राचा पासपोर्ट आधी हातात आला, पोलिसाचा फोनसुद्धा नाही. आधार, पॅन, मतदान कार्ड आणि ते परिशिष्ट ई नावाचं स्वघोषणापत्र भरून दे, विषय संपला. पत्ता कुठलाही असू दे.

शेंगाचटणी
आमच्या मुलीच्या बाळाचा काढला आत्ताच. फक्त जन्मदाखला घेतला, आधार दाखवलं तर बाजूला ठेवलं त्यांनी. पोलीस वगैरे काही नाही. तुमचं पण होईल बघा.

हिशेबनीस_वहिनी
शेंगाचटणी, लहान मुलांचं गणित वेगळं असतं हो. 1 ऑक्टोबर 2023 पासून पुढे जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागतो, म्हणून तुमच्याकडे तोच मागितला. हिला जन्मतारखेला शाळा सोडल्याचा दाखला किंवा पॅनसुद्धा चालेल. दहावीची मार्कशीट मात्र सोबत ने ग, ती वेगळ्या कारणाने लागते. दहावी पास असल्याचा कागद नसेल तर पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीचा शेरा पडतो आणि काही देशांत नोकरीला जाताना आडवा येतो.

आता पत्त्याचं. मी आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच जणांचे फॉर्म भरून देते, त्यावरून सांगते. सध्याचा पत्ता म्हणजे आज तू जिथे झोपतेस तो. पुरावा त्याच पत्त्याचा आणि तुझ्याच नावाचा लागतो. पप्पांच्या नावाचं लाइट बिल तुझा पुरावा होत नाही. बँकेचं पासबुक चालतं, पण त्यावर फोटो हवा आणि बँक सरकारी, शेड्यूल्ड खासगी किंवा ग्रामीण हवी. आपल्याकडे निम्म्या घरांची खाती सहकारी बँकेत असतात. ते पासबुक घेऊन लोक काउंटरवर जातात आणि तिथून परत येतात.

म्हणून तुला सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे आधी तुझं आधार दुरुस्त कर. तुझ्या नावाचा कागद नसला तरी होतं.

साखरपेठेची_लेक
वहिनी, कसं? आधार केंद्रावर विचारलं तर पत्त्याचा पुरावा आणा म्हणाले.

हिशेबनीस_वहिनी
कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून. myAadhaar च्या साइटवर तुझ्या आधारने लॉगिन करायचं, पत्ता बदलण्यात कुटुंबप्रमुखाचा पर्याय निवडायचा आणि पप्पांचा आधार क्रमांक टाकायचा. नात्याचा पुरावा म्हणून रेशन कार्ड अपलोड कर, त्यावर दोघांची नावं आहेत ना? मग पप्पांच्या मोबाइलवर मेसेज येतो. त्यांनी त्यांच्या लॉगिनमधून 30 दिवसांत मान्य करायचं असतं. लोक इथेच घोळ घालतात. मुलगी अर्ज करून मोकळी होते, पप्पांना वाटतं फसवणुकीचा मेसेज आहे, मुदत निघून जाते आणि अर्ज रद्द होतो. त्यामुळे अर्ज करशील तेव्हा पप्पांना शेजारी बसव.

झालं की पप्पांच्या आधारवर जो पत्ता आहे तोच अक्षरशः तुझ्यावर येतो. आणि त्यांचा एकदा नीट वाचून बघ. घर नंबर, वसाहतीचं नाव, कुंभारी, सगळं आहे का? तिथे कमी असेल तर तुझ्याकडेही कमीच येणार.

निवृत्त_जमादार
मी पोलीस खात्यात होतो, काही वर्षं पासपोर्टचे कागद माझ्याकडे होते. वहिनी बरोबर सांगताहेत. पुढचं पोलिसांच्या बाजूचं मी सांगतो.

पोरी, दादाचं ऐकू नकोस. अर्ज आमच्याकडे येतो तेव्हा आम्ही मुख्य दोन गोष्टी बघतो. माणूस त्या पत्त्यावर राहतो का, आणि त्याच्यावर गुन्हा आहे का. हवालदार साखर पेठेत येणार आणि घरमालकाला विचारायच्या आधी समोरच्या किराणा दुकानात विचारणार. दुकानदार सरळ सांगेल, "ते लोक दिवाळीनंतर कुंभारीला गेले की ओ." झालं. अहवालात "दिलेल्या पत्त्यावर राहत नाही" असं जातं आणि पासपोर्ट कार्यालय त्याला प्रतिकूल अहवाल धरतं. मग फाईल पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयात अडकते, पत्र येतं, खुलासा द्यावा लागतो. शिवाय जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा पासपोर्ट कायदा, 1967 च्या कलम 12 खाली गुन्हा आहे. बहुतेक प्रकरणं तिथवर जात नाहीत, पण घरमालकाला खोटं बोलायला लावून आपण त्याला कशाला अडकवायचं?

आता दुसरी गोष्ट, जी कोणीच बोललं नाही. गोदूताई वसाहत सोलापूर शहर पोलिसांच्या हद्दीत नाही. कुंभारी ग्रामपंचायत, ठाणं वळसंग, म्हणजे सोलापूर ग्रामीण. आयुक्तालयाचा त्याच्याशी संबंध नाही, फाईल एसपी ऑफिसला जायला पाहिजे. फॉर्ममध्ये जिल्हा निवडला की खाली पोलीस स्टेशनची यादी येते. तिथे लोक "सोलापूर" दिसलं की शहरातलं काहीतरी टिचकी मारून पुढे जातात.

जुळे_सोलापूर_एक्स्प्रेस
काका पण विडी घरकुल तर शहरातच आहे ना? हैदराबाद रोडवर. एमआयडीसी पोलीस स्टेशन.

निवृत्त_जमादार
तो जुना विडी घरकुल. ही म्हणते ती गोदूताई, ती कुंभारीला. बाहेरचे लोक दोन्हीला घरकुलच म्हणतात आणि पत्त्यावर "विडी घरकुल, सोलापूर" एवढंच लिहितात. वाचणाऱ्याला कुठला घरकुल ते कळत नाही. म्हणून पत्त्यात "मु. कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर" हे यायलाच पाहिजे.

होटगी_रोडवाला
हे माझ्याच बाबतीत झालंय, म्हणून लिहितो. आमचं घर शहराच्या हद्दीला लागून, रस्त्याच्या पलीकडे. फॉर्म एका एजंटने भरला आणि ठाणं चुकीचं निवडलं. फाईल शहरात गेली. तिथे बरेच दिवस पडून राहिली, मग "आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत पासपोर्ट कार्यालयाला. तिथून पुन्हा ग्रामीणकडे पाठवायची. ह्या सगळ्यात मला एकही फोन नाही, कारण एजंटने मोबाइल आणि ईमेल त्याचा टाकलेला! हवालदारसाहेब त्याला फोन करत होते आणि तो उचलत नव्हता. वैताग नुसता.

त्यामुळे कॅफेवाल्याकडे गेलात तरी नंबर आणि मेल स्वतःचाच घाला, पासवर्ड स्वतःकडे ठेवा. आणि फी 1500 आहे साध्या 36 पानी पुस्तकाला. कॅफेवाला त्याच्यावर काय घेतो ते त्याचं.

हिशेबनीस_वहिनी
साइट passportindia.gov.in एवढीच. शोधलं की वरती जाहिरातीत भलत्याच साइट येतात, हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या, आणि फॉर्मचे वेगळे पैसे घेतात. पत्ता स्वतः टाइप करा.

जुळे_सोलापूर_एक्स्प्रेस
बरं बाबांनो, पण मी म्हटलं ते खोटं नाही. मित्राला खरंच आधी पासपोर्ट मिळाला. त्याचं काय?

निवृत्त_जमादार
खोटं नाही म्हणालो मी, अर्धं आहे. आधार, मतदान कार्ड, पॅन आणि परिशिष्ट ई दिलं तर पासपोर्ट आधी देऊन पडताळणी नंतर करायची सोय आहे. तात्काळमध्येही सहसा तसंच होतं. पण पडताळणी नंतर होते, रद्द होत नाही. तुझ्या मित्राकडे एखाद्या दिवशी कोणीतरी जाऊन आला असेल, घरी आईला विचारून गेला असेल, त्याला कळलंही नसेल. आणि ह्या पोरीच्या दादाने सुचवला तसा जुना पत्ता टाकला तर उलट वाईट. पासपोर्ट हातात आल्यावर प्रतिकूल अहवाल गेला की कार्यालय पासपोर्ट जमा करायला सांगू शकतं. आधी द्यायचा की नंतर, हे शेवटी पासपोर्ट कार्यालय ठरवतं. आपण कागद दिले म्हणून तसंच होईल असं धरून चालू नये.

साखरपेठेची_लेक
आभारी आहे काका, वहिनी. आधारचा अर्ज पप्पांना शेजारी बसवूनच केला, त्यांनी लगेच मान्य केलं. पप्पांच्या आधारवर घर नंबर नव्हताच! म्हणून आधी त्यांचं लाइट बिलावरून दुरुस्त केलं, मग माझं. दोन्ही होऊन आलं.

आता दोन शंका. नावाच्या रकान्यात वडिलांचं नाव घालायचं का? मार्कशीटवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं आहे. आणि हवालदार नक्की काय विचारतात, घरी येतात की ठाण्यात बोलावतात?

हिशेबनीस_वहिनी
आडनाव आडनावाच्या रकान्यात. दुसऱ्या रकान्यात तुझं नाव आणि पुढे वडिलांचं, आधार आणि पॅनवर असेल तसं. आधारवर फक्त तुझं नाव आणि आडनाव असेल आणि मार्कशीटवर तिन्ही, तर काउंटरवर विचारतात, पण अडवतीलच असं नाही. आमच्या शेजारच्या मुलाचं झालं, आमच्या भाच्याला मात्र आधार आधी नीट करा म्हणाले. मला त्यातला नियम कळलेला नाही. तुझं स्पेलिंग सगळीकडे एक आहे का तेवढं बघ. "देवी"ला एकीकडे डबल ई आणि एकीकडे आय, असली भानगड असेल तर आधी निस्तर.

केंद्रावर फोटो, बोटांचे ठसे तिथेच घेतात, स्टुडिओचा फोटो नेऊ नकोस. मूळ कागद आणि झेरॉक्सचा एक संच ने. डिजिलॉकरमधून जोडले असलेस तरी मूळ कागद बरोबर असू दे. काम होऊन निघताना जी पावती देतील त्यावर फाईल क्रमांक असतो. तो आणि जन्मतारीख टाकून साइटवर कळतं फाईल कुठे आहे.

निवृत्त_जमादार
कागद एसपी ऑफिसच्या पासपोर्ट विभागातून ठाण्याला जातात. ठाण्यात हे काम बहुधा एकाच हवालदाराकडे असतं, बंदोबस्त, समन्स सांभाळून. तो स्वतःच्या मोबाइलवरून फोन करतो. नंबर अनोळखी दिसतो आणि आजकालची पोरं अनोळखी नंबर उचलत नाहीत. दोन-तीनदा उचलला नाही की फाईल खाली जाते. ह्या एका कारणाने किती अर्ज रखडतात ते मी बघितलंय.

कुणी घरी येतो, कुणी ठाण्यात बोलावतो. आधार, दहावीची मार्कशीट, पप्पांचं लाइट बिल आणि पासपोर्टची पावती, ह्यांच्या प्रती एका पिशवीत तयार ठेव. कधी शेजारच्या दोघांची नावं आणि आधारच्या प्रती मागतात, तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेव. विचारतात काय तर कधीपासून राहता, आधी कुठे होता, काय करता, केस आहे का. आधीचा पत्ता विचारला तर साखर पेठ सरळ सांग, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आणि पडताळणीला पोलिसांना द्यायची फी काही नसते. कुणी मागितली तर लाचलुचपत विभागाचा 1064 आहे.

होटगी_रोडवाला
जमादारसाहेब, ह्यावर सगळे चहापाण्याचं म्हणतात...

निवृत्त_जमादार
म्हणू देत. मी नंबर दिलाय.

रविवार_पेठ_कार्यकर्ता
मला एक विचारायचं होतं. माझ्यावर कामगारांच्या मोर्चातली एक जुनी केस आहे. जमावबंदी मोडली म्हणून. कोर्टात काही झालेलं नाही. फॉर्ममध्ये केस आहे असं लिहू का नको? लिहिलं तर पासपोर्ट मिळणार नाही म्हणतात.

निवृत्त_जमादार
लपवू नका, आमच्या नोंदीत ती दिसतेच. नुसता गुन्हा दाखल असणं आणि कोर्टात खटला चालू असणं ह्यात फरक आहे. अडचण येते ती कोर्टाने दखल घेतल्यावर. तेव्हा ज्या कोर्टात खटला आहे त्याची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळू शकतो, बहुधा कमी मुदतीचा. तुमच्या केसमध्ये दोषारोपपत्र गेलंय का ते आधी ठाण्यातून किंवा कोर्टातून काढा. ते कळल्याशिवाय मी पुढे काही बोलणार नाही. वकिलांना दाखवा.

साखरपेठेची_लेक
काका, अर्ज झाला, सोलापूरच्याच केंद्रात. ठाणं वळसंग निवडलं, पत्त्यात कुंभारी, दक्षिण सोलापूर सगळं घातलं. काउंटरवरच्या मॅडमनी आधार बघितलं, काही विचारलं नाही. आता साइटवर फाईल पोलिसांकडे गेल्याचं दिसतंय.

पण मला पुण्यात जायची तारीख जवळ आलीय. फोन आला आणि मी पुण्यात असले तर?

बाणेरस्थित_सोलापूरकर
ह्यात मी थोडा वेगळा बोलतो. 2018 पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो, त्यामुळे तू पुण्यात मुंढव्याच्या केंद्रातही जाऊ शकली असतीस. पण पडताळणी फॉर्मवरच्या पत्त्यावर होते, केंद्र कुठलं ह्याने फरक पडत नाही. माझ्या ऑफिसातले निम्मे लोक पुण्यात पीजीवर राहतात आणि गावाचा पत्ता सध्याचा म्हणून देतात. हवालदार फोन करतो, हे शनिवारी गावी जाऊन भेटतात. कोणाला काही झालं नाही.

हिशेबनीस_वहिनी
झालं नाही म्हणून बरोबर आहे असं नाही ना. वर्षभर पुण्यात राहणाऱ्याचा सध्याचा पत्ता पुणेच. तिथला नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, आणि पीजीवाले तो करून देत नाहीत, हीच खरी गोची आहे. म्हणून सगळे गावाचा टाकतात.

निवृत्त_जमादार
वहिनींचं नियमाने बरोबर आहे आणि बाणेरवाल्यांचं रोजच्या व्यवहाराने. मी ठाण्यात असताना सुट्टीला येणाऱ्या पोरांना "राहत नाही" असं लिहीत नव्हतो, घरदार, आईबाप इथेच आहेत म्हणून. माझ्यानंतरचा साहेब तसंच करेल ह्याची हमी मी कशी देऊ?

तुझी गोष्ट वेगळी आहे पोरी. अर्ज केलास त्या दिवशी तू कुंभारीतच राहत होतीस, त्यात खोटं काही नाही. फोनची वाट बघू नकोस. जायच्या आधी पप्पांना घेऊन वळसंग ठाण्यात जा, पावती दाखव आणि पासपोर्टचं काम कोणाकडे आहे विचार. कागद पोचले नसतील तर नाव नि नंबर देऊन ये. एसपी ऑफिसमधूनच निघाले नसतील तर तिथे विचारायचं. ठाण्यातून गेल्यावरही कागद वर एक-दोन टेबलं फिरतात, त्यामुळे "हवालदार येऊन गेले तरी साइटवर काही बदललं नाही" म्हणून लगेच घाबरू नका.

होटगी_रोडवाला
आणि शेवटी पोस्टमन! पासपोर्ट स्पीड पोस्टने येतो आणि तुमच्याच हातात देतात, ओळखपत्र बघून. शेजारी ठेवून जा असं चालत नाही. घर बंद असेल तर परत पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयात जातो. छापून झाल्याचा मेसेज आला की त्यात स्पीड पोस्टचा नंबर असतो, तो बघून त्या दोन दिवसांत घरी या.

साखरपेठेची_लेक
काल पप्पांबरोबर ठाण्यात जाऊन आले. कागद आले होते, हवालदारांच्या टेबलावरच होते. ते म्हणाले, "बरं झालं आलात, त्या घरकुलात नंबर सापडत नाहीत आम्हाला." आधार, मार्कशीट बघितली, दोन शेजाऱ्यांची नावं घेतली, आधी कुठे राहत होता विचारलं. साखर पेठ म्हटलं तर नुसती मान हलवली. सही केली मी. आता वर जाईल म्हणाले.

शेंगाचटणी
अभिनंदन! आमच्या नातवाचा पासपोर्ट अजून आला नाही पण. पोस्टात विचारू का?

हिशेबनीस_वहिनी
आधी फाईल क्रमांक टाकून साइटवर बघा. छापून निघालाय का तेच कळल्याशिवाय पोस्टात कशाला जाता? साइटवर कळलं नाही तर 1800-258-1800 ला फोन लावा.

रविवार_पेठ_कार्यकर्ता
कोर्टात चौकशी केली. तारीख लागलेलीच नाही म्हणे, पण दोषारोपपत्र गेलंय की नाही ह्यावर लिपिक एक सांगतो आणि ठाणं दुसरं. नक्कल मागितलीय. आली की लिहितो.